ताडोबाजवळच्या होमस्टेचा रिव्ह्यू : काय तपासायचं, कसं लिहायचं

‘ताडोबा गेटपासून ५ मिनिटे.’ होमस्टेच्या लिस्टिंगमध्ये हे वाक्य दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा, कोणतं गेट? ताडोबाच्या कोअर जंगलाला मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा अशी वेगवेगळ्या बाजूंना गेटं आहेत, शिवाय बफरची गेटं वेगळी. कोअर म्हणजे आतलं मुख्य जंगल, बफर म्हणजे त्याच्याभोवतीचा पट्टा. सफारीचं परमिट ज्या गेटचं निघतं त्याच गेटवर तुम्हाला पहाटे हजर राहावं लागतं. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला आणि कोलारा चिमूरच्या बाजूला. मधल्या जंगलातून आपली गाडी आरपार नेता येत नाही, बाहेरून वळसा घ्यावा लागतो आणि त्यात दोन तासांच्या वर जातात. म्हणजे मोहर्लीचं परमिट हातात असलेलं कुटुंब ‘गेटपासून ५ मिनिटे’ वाचून कोलाऱ्याच्या बाजूला मुक्कामाला आलं, तर त्यांची सकाळची सफारी गेलीच.

असं प्रत्यक्षात होतं. आणि त्या घराचे रिव्ह्यू उघडून पाहिले तर तिथे ‘मस्त जागा, छान जेवण, प्रेमळ माणसं’ यापलीकडे काही नसतं. आधी राहून गेलेल्या एकाने जरी गेटचं नाव लिहिलं असतं तरी पुढच्याचं काम झालं असतं. रिव्ह्यू लिहायला नवीन असाल तर कुठून सुरुवात करायची, हे मी माझ्या एकाच मुक्कामावरून सांगतो. मे महिन्यात, कोलाऱ्याच्या बाजूच्या एका गावात, दोन रात्री. घराचं नाव इथे देत नाही, कारण पद्धत सांगायला त्याची गरज नाही.

निघण्याआधी

घर बुक केलं त्याच दिवशी लिस्टिंगचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. वर्णन, सोयींची यादी, फोटो, जेवणाचे दर, घराचे नियम, सगळं. लिस्टिंग मालकाला कधीही बदलता येतं. तुम्ही परत येऊन ‘एसी लिहिला होता’ म्हणाल आणि तोवर ती ओळ तिथे नसेल, तर तुमच्या म्हणण्याला आधार राहत नाही.

मग त्या सगळ्यातून फक्त तीन-चार दावे निवडा, ज्यांच्यामुळे तुम्ही हेच घर घेतलं असे. चादरींचा रंग फोटोतल्यासारखा आहे का, याने कुणाचं काही अडत नाही. माझे चार होते : ‘ताडोबा गेटपासून ५ मिनिटे’, ‘एसी खोली’, ‘चुलीवरचं गावरान जेवण’ आणि ‘स्थानिक कुटुंबासोबत राहा’. वहीच्या एका पानावर हे चार लिहिले आणि प्रत्येकापुढे जागा सोडली.

एअरबीएनबीसारख्या ॲपवर बुकिंगच्या आधी बहुतेक वेळा नकाशावर अंदाजे जागा दिसते, नेमका पत्ता नंतर मिळतो. म्हणून अंतराचं फोनवर विचारू नका, ॲपच्या मेसेजमध्येच विचारा, ‘कोलारा कोअर गेट तुमच्या घरापासून किती किलोमीटर?’ उत्तर लेखी राहतं. मला उत्तर आलं, ‘जवळच आहे सर, काळजी करू नका.’ आकडा विचारल्यावर आकडा आला नाही, हेही मी वहीत टिपून ठेवलं.

अंतर

घरासमोर गाडी उभी केली की मीटरचा आकडा लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेटवर पोचल्यावर पुन्हा लिहा. नकाशातलं अंतर नको, तुमच्या चाकांचं हवं. पहाटेच्या अंधारात गावातला रस्ता, मधे बसलेली गुरं, खड्डे, यामुळे ११ किलोमीटरला आम्हाला २२ मिनिटं लागली. लिस्टिंगमधली ‘५ मिनिटे’ खोटी नव्हती. पाच मिनिटांवर गेट होतं, पण बफरचं. बफरची सफारी वेगळी, तिचं परमिट वेगळं. बफरमध्येही वाघ दिसतो आणि बरेच लोक मुद्दाम तिथेच जातात. पण कोअरचं परमिट काढून आलेल्या माणसाला त्या पाच मिनिटांचा उपयोग शून्य.

रिव्ह्यूत ‘अंतर चुकीचं दिलंय’ असं लिहिलं असतं तर ते अर्धवट ठरलं असतं, आणि मालकाने ‘पाच मिनिटांवर गेट आहेच’ म्हणून हात झटकले असते. चूक नेमकी कुठे आहे ते शोधून लिहावं लागतं. इथे चूक अंतरात नव्हती, गेटचं नाव गाळण्यात होती.

खोली : पहिली वीस मिनिटं

सामान टाकून लगेच आडवे होऊ नका. पहिल्या वीस मिनिटांत जे तपासाल ते दुरुस्त व्हायला वेळ असतो, रात्री अकराला सापडलं तर नसतो. नळ, फ्लश, दाराची कडी, खिडकीची जाळी, मच्छरदाणीला भोकं, उशीचा वास. हे पाच मिनिटांचं काम. उरलेली पंधरा मिनिटं थंडाव्याला द्या, कारण विदर्भात मे महिन्यात खोलीचा सगळा हिशेब तिथेच होतो. चंद्रपूर जिल्ह्यात त्या दिवसांत पारा पंचेचाळिसाच्या वर जातो.

एसी भिंतीवर आहे म्हणजे खोली एसीची झाली असं नाही. चालू करा, पंधरा मिनिटं थांबा, मग समोर हात धरा. नुसता वारा येतोय की गार वारा? बाहेर जाऊन कॉम्प्रेसरचा आवाज येतोय का ऐका. गावांत संध्याकाळी सगळ्यांचे पंखे-कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं. तेव्हा आतला पंखा फिरत राहतो, पण कॉम्प्रेसर उचलत नाही. आमच्याकडे हेच झालं. दुपारी तीनला एसी फक्कड चालला. रात्री नऊ ते साडेअकरा नुसता वारा. त्यात एकदा लाइन गेली तेव्हा इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालले, एसी अर्थातच नाही. म्हणून दुपारी एकदा तपासून ‘एसी उत्तम’ लिहू नका, रात्री दहालाही बघा. आणि मालकाला विचारा, ‘स्टॅबिलायझर बसवलाय का?’ इथे नव्हता.

कूलरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण विदर्भातल्या घरांच्या रिव्ह्यूत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो खोली खरंच गार करतो, चांगल्या कूलरपुढे पहाटे चादर ओढावी लागते. तोच कूलर ऑगस्टच्या दमट हवेत फक्त चिकचिक वाढवतो. म्हणजे एकाच खोलीबद्दल मेमध्ये आलेला ‘कूलर मस्त’ लिहील आणि ऑगस्टमध्ये आलेला ‘कूलर बेकार’, आणि दोघंही खरंच बोलत असतील. महिना लिहिल्याशिवाय विदर्भातल्या खोलीचा रिव्ह्यू वाचणाऱ्याच्या कामाचा नाही.

दुसरं, कूलर खिडकीत बाहेरून बसवलेला हवा आणि समोरच्या बाजूला हवा निघून जायला खिडकी किंवा दार हवं. खोलीला एकच खिडकी असेल आणि तिच्यातच कूलर असेल, तर दमट हवा आत कोंडते, दोन तासांत भिंतींना ओल जाणवते आणि अंग चिकट होतं. आमच्या खोलीत कूलरच्या समोर दार होतं, ते सपरीत, म्हणजे ओसरीत, उघडायचं. दार चार बोटं उघडं ठेवलं की खोली गार, बंद केलं की कोंदट. घरच्या काकूंनी हे पहिल्याच संध्याकाळी दाखवलं. दाराला जाळी नव्हती, म्हणून मच्छर आत यायचे. रिव्ह्यूत मी दोन्ही लिहिलं.

तिसरं, कूलरच्या टाकीत पाणी कोण भरतं? रात्रभर चालला की टाकी रिकामी होते आणि पहाटे तीनला कोरडा वारा सुटतो. आमच्याकडे रात्री दहाला दादा पाइप लावून टाकी काठोकाठ भरून जायचे, न सांगता. अशी गोष्ट फोटोत येत नाही. ती रिव्ह्यूतच यायला हवी.

चिखलदऱ्याला गेलात तर हे सगळं उलटं होतं. तिथे थंडाव्याचा प्रश्न नाही. पावसाळ्यातली ओल, वाळत न आलेले टॉवेल, गादीचा कुबट वास, गरम पाणी आणि हिवाळ्यात पुरेशी पांघरुणं, हे बघायचं.

जेवण

घरच्या जेवणाला हॉटेलचं माप लावू नका, पण लिस्टिंगमध्ये जे नाव घेतलंय त्याचं माप जरूर लावा. ‘गावरान कोंबडी’ लिहिलं असेल तर ती गावरान होती का, हा प्रश्न रास्त आहे. ते ओळखणं अवघड नाही. गावरान कोंबडी शिजायला वेळ लागतो, चुलीवर तर तासाच्या वर सहज. तिचं हाड बारीक आणि कडक, मांस गडद, चावायला चिवट, आणि रश्श्याला स्वतःची चव. साडेसातला सांगितली आणि आठला ताटात आली, मांस बोटांनी सुटतंय, तर ती ब्रॉयलर.

आम्ही पहिल्या दिवशी संध्याकाळी विचारलं तेव्हा काकू सरळ म्हणाल्या, ‘‘आज नाही जमत जी. गावरान पाह्यजेन तर दुपारीच सांगा लागते, शिजाले येळ लागते तिले.’’ त्या रात्री वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि वरण-भात होता. भरतावर सांभार टाकायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘‘चालते नं सांभार?’’ माझी पुण्याची मेहुणी सांबाराची वाट बघत बसली आणि ताटात कोथिंबीर आली. विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे रिव्ह्यूत एका ओळीत लिहिलं तर बाहेरून येणाऱ्याला बरं पडतं. दुसऱ्या दिवशी दुपारीच सांगितलं आणि रात्री कोंबडी आली, खरी गावरान. हाडं चघळताना दात शिणले.

लिस्टिंगमध्ये ‘सावजी जेवण’ही लिहिलेलं होतं. सावजी ही नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाची पाककला, तिचा मसाला वेगळा आणि घराघराचा स्वतःचा. काकूंचा रस्सा तिखट होता, चवदार होता, पण सावजी नव्हता, आणि त्यांनीही तसं म्हटलं नव्हतं. तो शब्द नागपुरात बसून लिस्टिंग लिहिणाऱ्याने टाकलेला. स्वयंपाकाला चांगलं म्हणायचं आणि शब्दाला चूक म्हणायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच वाक्यात मिसळल्या तर दोष बिचाऱ्या स्वयंपाक करणारीवर जातो.

तिखटाबद्दल नुसतं ‘खूप तिखट’ लिहू नका. कमी तिखट सांगितल्यावर झालं का, ते लिहा. आमच्यासोबतच्या सात वर्षांच्या पोरीसाठी वरण वेगळं काढलं होतं आणि दही घरचं होतं. लहान मुलं घेऊन येणाऱ्याला हेच हवं असतं.

पैशांचंही लिहायचं. जेवण भाड्यात धरलंय की वेगळं, ताटाचा दर की कोंबडीचा किलोचा, आणि शेवटच्या बिलात तोच दर लागला का. आणि पहाटेच्या सफारीआधी चहा मिळाला का, सोबत नाश्त्याचा डबा दिला का. ताडोबाजवळच्या घरात हा प्रश्न दुपारच्या जेवणाइतकाच महत्त्वाचा, कारण पहाटे साडेचारला उठून निघालेला माणूस साडेदहापर्यंत परत येत नाही.

यजमान म्हणजे नेमकं कोण

लिस्टिंगवर यजमान म्हणून हसऱ्या चेहऱ्याचा, चांगलं इंग्रजी लिहिणारा एक तरुण होता. तो नागपूरला राहतो. घर त्याने भाड्याने घेतलंय, म्हणजे लिस्टिंगचा मालक तोच. तिथे राहतात, रांधतात, झाडतात ते दादा आणि काकू त्याच्याकडे पगारावर आहेत. ‘स्थानिक कुटुंबासोबत राहा’ हे अर्धं खरं निघालं. कुटुंब स्थानिक होतं, पण घर त्यांचं नव्हतं, आणि आमच्या भाड्यातला मोठा वाटा गावात राहत नव्हता.

यात गैर काही नाही, पण ज्याने गावातल्या घराला पैसे जावेत म्हणून हे घर निवडलं असेल त्याला हे कळायला हवं. विचारायचं कसं? पोलिसी थाटात नको. चहा पिताना ‘‘दादा, हे घर तुमचंच का?’’ एवढं पुरतं. दारावर पर्यटन विभागाच्या न्याहारी व निवास योजनेचं प्रमाणपत्र लावलं असेल तर त्यावरचं नावही वाचा.

आणि मग रिव्ह्यूत दोघांचं वेगळं लिहा. स्टॅबिलायझर बसवणं, जाळी लावणं, गेटचं नाव देणं ही मालकाची कामं. टाकी भरणं, डबा देणं, दाराची युक्ती दाखवणं ही दादा-काकूंची. ‘सर्व्हिस ठीकठाक’ असं मोघम लिहिलं की मालक ते वाचून फोन दादांना करतो. त्यांचं नाव, मुलांचे फोटो, मोबाइल नंबर रिव्ह्यूत टाकू नका. ‘घर सांभाळणारे दादा आणि काकू’ एवढ्याने ओळख पटते. नाव घालायचंच असेल तर त्यांना विचारून.

तिथे असतानाच जे सांगण्यासारखं आहे ते सांगा. आम्ही जाळीचं पहिल्या रात्रीच सांगितलं. दादांनी दुसऱ्या दिवशी दाराला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा खिळ्यांनी ठोकला. सांगितल्यावर काय झालं, हा रिव्ह्यूतला सगळ्यात भरवशाचा भाग असतो.

लिहायला बसताना

एअरबीएनबीवर मुक्काम संपल्यापासून १४ दिवसांत लिहावं लागतं, आणि तुमचा व यजमानाचा रिव्ह्यू दोघांनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच दिसतो. त्यामुळे ‘तो माझ्याबद्दल वाईट लिहील’ ही भीती मनातून काढा. परतीच्या दुसऱ्या दिवशी लिहा, वही समोर ठेवून. त्याच रात्री थकव्यात लिहिलं की राग जास्त उतरतो, आणि दहा दिवसांनी लिहिलं तर आकडे विसरलेले असतात.

तारे देताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे पाचपैकी चार म्हणजे चांगलं. या ॲपवर तसं नाही. तिथे चांगल्या यजमानाला मिळणारा ‘सुपरहोस्ट’ हा बिल्ला हवा तर सरासरी ४.८ लागते, म्हणजे चार तारे यजमानाला मार बसल्यासारखे लागतात. म्हणून एकूण ताऱ्यांत सगळा राग ओतू नका. अचूकता, स्वच्छता, ठिकाण यांना वेगळे तारे देता येतात. मी अचूकतेला तीन दिले, स्वच्छतेला पाच, एकूण चार, आणि का ते मजकुरात लिहिलं. तारे वाढवण्याच्या बदल्यात पुढच्या वेळी सूट देतो असं कुणी म्हटलं तर नाही म्हणायचं.

माझा मजकूर असा होता :

‘मे महिन्यात दोन रात्री, तीन मोठी माणसं आणि एक लहान मूल. महत्त्वाचं : लिस्टिंगमधलं “५ मिनिटांवरचं गेट” बफरचं आहे. कोलारा कोअर गेट आमच्या गाडीच्या मीटरवर ११ किमी, पहाटे २२ मिनिटं. मोहर्लीचं परमिट असेल तर हे घर घेऊ नका. एसी दुपारी चांगला चालतो, पण रात्री ९ ते ११.३० व्होल्टेज कमी असल्याने गार करत नव्हता. स्टॅबिलायझर बसवावा. कूलर मेमध्ये उत्तम, सपरीचं दार थोडं उघडं ठेवा. दाराला जाळी नव्हती, सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी तात्पुरती लावली. जेवण घरचं, चुलीवरचं, तिखट, मुलांसाठी कमी तिखट करून देतात. गावरान कोंबडी खरी गावरान, पण दुपारीच सांगावी लागते. सावजी मात्र नाही. सफारीआधी चहा आणि डबा वेळेवर. बिल सांगितलेल्या दराप्रमाणे. मालक नागपूरला असतात, घर सांभाळणारे दादा-काकू गावातलेच आणि त्यांची काळजी घेण्याची पद्धत मनापासूनची.’

यात ‘निसर्गरम्य’ नाही, ‘फसवणूक’ही नाही. प्रत्येक वाक्यातून वाचणाऱ्याला काही ठरवता येतं, म्हणजे यावं की नाही, कधी यावं, दुपारी काय सांगून ठेवावं.

चार दिवसांनी मालकाचा फोन आला. थोडा नाराज होता. गेटची ओळ काढता का, म्हणाला. मी म्हटलं, मी काढत नाही, तुम्ही लिस्टिंगमध्ये दोन्ही गेटांची नावं आणि अंतरं लिहा, मग माझ्या ओळीने तुमचं काही बिघडणार नाही. पंधरवड्याने बघितलं तर वर्णन बदललेलं होतं : ‘बफर गेट ५ मिनिटे, कोलारा कोअर गेट ११ किमी.’ एसीची ओळ मात्र तशीच होती. एअरबीएनबीवरचा माझा मजकूर आता बदलणार नव्हता, पण गूगल मॅप्सवर मी तोच टाकला होता आणि तिथे तो कधीही बदलता येतो. त्याखाली जोडलं : ‘जूनमध्ये पाहिलं, गेटचं अंतर आता बरोबर दिलंय. एसी रात्री चालतो का, हे उन्हाळ्यात येणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.’